जो जो : अर्थ नसलेल्या दोन अक्षरांचा प्रवास

(१)
माझी मावसबहीण मूळची मंगरूळपीरची. आता ती टोरंटोत राहते. डिसेंबरात तिला मुलगी झाली आणि तिने माझ्याकडे एकच मागणी केली : "आपल्याकडचा पाळणा लिहून पाठव. मला फक्त 'जो जो' आठवते, पुढचे काहीच आठवत नाही." बाकी सारे विसरले आणि तेवढेच का उरले, याचे उत्तर पाळण्याच्या रचनेत आहे. हा थ्रेड त्या रचनेविषयी.

(२)
आधी एक भेद. झोपवताना गुणगुणतात ती अंगाई. पाळणा हा त्याहून बांधीव प्रकार आहे. बाराव्या दिवशी बारशाला तो बायका मिळून म्हणतात. रामनवमी, गोकुळाष्टमी आणि शिवजयंतीला देवाच्या किंवा महाराजांच्या मूर्तीसाठीही म्हणतात. त्याची बांधणी जवळजवळ ठरलेली असते : दर कडव्यात एकेक दिवस, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत. प्रत्येक कडव्यात यमकाने जुळलेल्या ओळी येतात आणि शेवटी 'जो'ची आवृत्ती असलेले पालुपद.

(३)
म्हणजे पाळणा हा एक साचा आहे. दिवसांचा क्रम आणि पालुपद स्थिर असते, मधली जागा मोकळी. त्या जागेत नाव बदलते, गाव बदलते, आत्या-मावश्या बदलतात. म्हणूनच विदर्भात एकाच साच्यात रामाचा, शिवरायांचा आणि बाबासाहेबांचा पाळणा सुखाने नांदतो. १४ एप्रिलला वस्तीवस्तीत म्हटला जाणारा भीमाचा पाळणा जुन्या चौकटीतच नवा इतिहास मांडतो. पाळणा 'मूळ' कोणता, हा प्रश्न त्यामुळे फारसा लागू पडत नाही. तो प्रत्येक जन्माला नव्याने रचला जाणे हीच त्याची परंपरा.

(४)
हा साचा संतांनीही वापरला. चांगदेवांना उद्देशून रचलेला एक पाळणा परंपरा मुक्ताबाईंच्या नावे सांगते. आख्यायिकेनुसार चांगदेवांचे वय चौदाशे वर्षे, मुक्ताबाई तर कोवळ्या मुलीच्या वयाच्या. तरी पाळण्यात निजलेले बाळ चांगदेव आणि झोका देणारी आई मुक्ताबाई! गुरू-शिष्याचे नाते सांगायला पाळणा पुरेसा पडतो, कारण दोरी कोणाच्या हाती आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

(५)
आता 'जो'कडे वळू. या अक्षराला स्वतंत्र अर्थ नाही. 'जोजवणे' हे क्रियापद मात्र त्याच्याच नात्यातले. गंमत अशी की 'जो जो' एकट्या मराठीचे नाही. कन्नड आणि तेलुगू आयाही 'जो जो' म्हणतात. पंधराव्या शतकातील अन्नमाचार्यांच्या नावावरील प्रसिद्ध तेलुगू अंगाईत हीच अक्षरे आहेत. तमिळमध्ये मात्र 'आरारो आरिररो' येते. तिथे अंगाईला 'तालाट्टु' म्हणतात : 'ताल' म्हणजे जीभ, 'आट्टु' म्हणजे हलवणे. पाळण्याआधी जीभ झुलते, हे त्या शब्दातच नोंदलेले आहे.

(६)
अर्थ नसलेली अक्षरे काय काम करतात? ती झोका मोजतात. एक 'जो' पाळणा पुढे जाताना, दुसरा परतताना. आढ्याला टांगलेला पाळणा म्हणजे लंबकच. त्याच्या झोक्याचा वेळ बाळाच्या वजनावर नाही, दोरीच्या लांबीवर ठरतो. टांगलेल्या जागेपासून बाळापर्यंत सुमारे २ मीटर अंतर असेल, तर एक पूर्ण झोका साधारण २.८ सेकंदांचा. अंतर १ मीटर असेल तर साधारण २ सेकंदांचा. उंच आढ्याच्या घरातला पाळणा संथ गायला जातो, त्यामागे हे साधे कारण आहे.

(७)
परदेशातल्या फ्लॅटमध्ये आढे नाही. छताला कडी ठोकायला घरमालकाची परवानगीही नाही. बहिणीने आधी मोबाइलवर गाणे लावले आणि त्या तालाला बाळाला हलवू लागली. बाळ काही निजेना. अडचण उघड होती : ध्वनिमुद्रित गाण्याचा वेग गायकाने ठरवलेला असतो, झोक्याने नव्हे. खूण सोपी आहे. गाणे थांबल्यावर हातही अडखळला, तर तुम्ही गाण्याला झोका देत होता. हात तसाच चालू राहिला आणि 'जो जो' आपोआप त्यावर बसले, तर ताल बरोबर आहे.

(८)
मग पुढचे शब्द का विसरले? कारण ते शिकण्याची एक ठरलेली जागा होती. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. साधारण सव्वा महिना लेक आईच्या घरी राहते. शेक, धुरी, डिंकाचे लाडू यांच्यासोबत पाळणाही त्याच खोलीत एका पिढीकडून दुसरीकडे जातो. लहानपणी मुलीने तो ऐकलेला असतो, पण कडवी पाठ होतात ती स्वतःच्या बाळंतपणात, आईच्या तोंडून, रोज थोडी थोडी. बाळंतपण टोरंटोत झाले की ती खोलीच गळते. उरते ते पालुपद, कारण लहानपणी सगळ्यांबरोबर तेवढेच म्हटलेले असते.

(९)
म्हणून मी जुना पाळणा शोधून पाठवला नाही. साचा घेतला आणि तिचेच बारा दिवस त्यात भरले. त्यातली तीन कडवी :

पहिल्या दिसाला बर्फाचं रान,
दारात नाही निंबाचं पान,
पदराखाली झाक गं कान,
जो गं जो, साळू जो जो.

पाचव्या दिसाला कोरी गं वही,
सटवी करी त्यावर सही,
समुद्र तिला रोखत नाही,
जो गं जो, साळू जो जो.

बाराव्या दिसाला ठेवलं नाव,
फोनात जागं मंगरूळ गाव,
सडा टाकून आजीची धाव,
जो गं जो, साळू जो जो.

(१०)
थोडा उलगडा. बाळंतिणीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लावण्याची रीत आहे, टोरंटोत तो मिळाला नाही. पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती रात्री येऊन बाळाचे नशीब लिहिते, अशी समजूत. 'साळू' हे लेकीला हाक मारायचे ओव्यांतले लाडके नाव. शेवटच्या कडव्यात घड्याळ आहे : हिवाळ्यात टोरंटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तिथे रात्री साडेआठला बाळ निजते, तेव्हा मंगरूळपीरला सकाळचे सात वाजलेले असतात. आजी अंगणात सडा टाकून फोनकडे धावते.

(११)
एक मर्यादाही सांगायला हवी. फोनवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. त्यामुळे दोघी एकदम 'जो जो' म्हणू गेल्या की अक्षरे एकमेकींवर आदळतात. त्यांनी वाटणी केली : कडवे आजीचे, पालुपद लेकीचे. आजी थांबते, लेक 'जो जो' म्हणते, मग आजीचे पुढचे कडवे. बारशाला तरी दुसरे काय होते? एक जाणती बाई कडवे सांगते आणि भोवतालच्या साऱ्या जणी पालुपद धरतात.

(१२)
पाळण्याचे हस्तलिखित क्वचितच सापडते. त्याचे दप्तर म्हणजे बाळंतिणीची खोली. तुमच्या घरी आजी असेल तर तिला नुसते "पाळणा म्हण" असे सांगू नका. "माझ्या आईच्या वेळी पाचव्या दिवसाला काय म्हटले होते?" असे विचारा. दिवस सांगितला की कडवे आठवते. बहिणीची मुलगी आता दोन महिन्यांची आहे आणि आजीकडून सातव्या दिवसाचे जुने कडवे कालच मिळाले. मी लिहिलेले सातवे तिने काढून टाकले.