धुळ्याच्या तुरुंगातली अठरा प्रवचने आणि माझा काटा



ज्या पुस्तकाने माझी दृष्टी बदलली, ते आपल्या खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात जन्मले. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत विनोबा तिथे कैदेत होते. 21 फेब्रुवारी 1932 पासून 19 जूनपर्यंत, अठरा रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगितला. अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेले सानेगुरुजी त्याच तुरुंगात होते. ते ऐकता ऐकता सारे लिहून घेत, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे.

मी कापसाचा व्यापारी. वारी कधी चुकवली नाही. पण मनात एक वाटणी पक्की होती : पंढरीची वाट पांडुरंगाची आणि दुकान पोटाचे.

तिसऱ्या अध्यायावरच्या प्रवचनाने ती वाटणी मोडली. तिथे विनोबा सेना न्हाव्याची गोष्ट सांगतात. लोकांच्या डोक्यावरचा मळ काढता काढता सेनामहाराजांना आपल्या बुद्धीवरचा मळ दिसला. गोरोबांना मडकी भाजताना आपल्या जीवनाचे मडके पक्के करण्याची आठवण झाली. ही नावे आपण कीर्तनात रोज ऐकतो. पण त्यांनी धंदा सोडून देव मिळवला नाही, धंद्यातच मिळवला, हे मला तोवर उमगले नव्हते.

त्याच प्रवचनात तुलाधार वैश्य येतो आणि मी थांबलो. त्याच्या दुकानात लहान मूल येवो की मोठा माणूस, तराजूची दांडी सगळ्यांसाठी सरळ. त्या दांडीकडून तो मनाची समता शिकला. जाजलीसारखा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे ज्ञान घ्यायला आला.

माझा काटा काय शिकवत होता? मी क्विंटलमागे एक किलो कडता कापत असे. ओल आणि माती धरून, असे म्हणायचे. कापूस कोरडा असला तरी कापायचाच. सहा क्विंटल आणणाऱ्या शेतकऱ्याचे सहा किलो माझ्या घरात राहत. वजन खरे होते, पण हिशेब खोटा होता, आणि गळ्यात तुळशीची माळ होती.

सुरुवातीला या प्रवचनातून मी सोयीचा अर्थ काढला : काम हीच पूजा, मग झाले! चौथ्या अध्यायाने तेही उरू दिले नाही. पिंडीवर पाण्याची धार चालू आहे, पण मनाची धार नाही, तर एका दगडासमोर दुसरा दगड बसला आहे, असा तिथला आशय आहे. काम नुसते चालून भागत नाही, त्यात मन असावे लागते.

आता कापूस हातात घेऊन पाहतो. ओला असेल तर मोजणीआधीच भाव कमी सांगतो, कडता कापत नाही. नफा घटला. काही शेतकरी अजून संशयाने काट्याकडे बघतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. कधी हात जुन्या सवयीने आकडा कमी लिहू पाहतो, तेव्हा मळ अजून आहे हे कळते.

माउली, यंदा वारीला निघण्याआधी आपापल्या काट्याकडे एकदा पाहावे, एवढीच विनंती.

रामकृष्णहरी.