कुकीचे कच्चे पीठ खाण्यातील धोका

कुकीचे कच्चे पीठ म्हणजे मैदा, लोणी, साखर आणि बहुधा अंडे एकत्र मळून तयार केलेला, पण अद्याप न भाजलेला गोळा. तो गोड व मऊ असल्यामुळे भाजण्यापूर्वीच चाखून पाहण्याची सवय अनेक घरांत आढळते. त्यातील धोका केवळ कच्च्या अंड्यामुळे असतो असा समज दीर्घकाळ रूढ होता. प्रत्यक्षात कच्चे पीठ हेही आजाराचे स्वतंत्र कारण ठरू शकते, हे एकविसाव्या शतकातील साथींच्या तपासातून स्पष्ट झाले.

## अंडे आणि पीठ

कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जीवाणू असू शकतो. तो कवचावर असतो, तसाच बाधित कोंबडीच्या शरीरातून कवच तयार होण्यापूर्वीच अंड्याच्या आतही शिरतो. त्यामुळे स्वच्छ व न तडकलेले अंडेही पूर्णतः निर्धोक मानता येत नाही.

पिठाचा मार्ग वेगळा आहे. गहू शेतात उघड्यावर वाढतो आणि जनावरांचे शेण, पक्ष्यांची विष्ठा किंवा दूषित पाणी यांच्याशी त्याचा संपर्क येऊ शकतो. दळण्यामुळे दाण्याचे पीठ होते, जीवाणू मात्र मरत नाहीत. मैदा शुभ्र करण्याची प्रक्रियाही जंतुनाशक नसते. कोरड्या पिठात जीवाणूंची वाढ होत नाही, परंतु ते सुप्तावस्थेत अनेक महिने जिवंत राहतात. पिठाचा रंग, वास वा चव यांवरून त्यांचे अस्तित्व ओळखता येत नाही.

## २००९ सालची साथ

२००९ साली अमेरिकेत ‘ई. कोलाय ओ१५७:एच७’ या जीवाणूची साथ पसरली. तीस राज्यांत सत्तरहून अधिक लोक आजारी पडले. त्यांत मुले व तरुण अधिक होते आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. रुग्णांनी खाल्लेल्या पदार्थांची निरोगी व्यक्तींच्या आहाराशी तुलना केली असता, बाजारात मिळणारे तयार कुकीचे पीठ कच्चे खाणे हा समान धागा आढळला. जून महिन्यात नेस्ले कंपनीने ते उत्पादन परत मागविले.

त्या पिठातील अंडी पाश्चरीकृत होती, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून जंतुरहित केलेली होती. मैद्यावर मात्र अशी प्रक्रिया झालेली नव्हती, म्हणून तपासकांचा संशय मैद्यावर स्थिरावला. तथापि मैदा हाच स्रोत होता, हे त्या तपासात निर्णायकपणे सिद्ध झाले नाही. पुढे कंपनीने या उत्पादनासाठी उष्णता दिलेला मैदा वापरण्यास सुरुवात केली.

## २०१६ सालचा पुरावा

२०१६ साली अमेरिकेतच चोवीस राज्यांत ६३ जण ई. कोलायमुळे आजारी पडले. या वेळी साथीतील जीवाणू जनरल मिल्स कंपनीच्या पिठातच सापडला.  उपाहारगृहात पदार्थ येईपर्यंत काही आजारी मुलांना खेळण्यासाठी टॉर्टिया या पोळीसारख्या पदार्थाच्या कच्च्या पिठाचा गोळा दिला गेला होता. पिठाचे हात तोंडात जाणेही संसर्गास पुरेसे ठरू शकते, हे यावरून दिसून येते. मराठी घरांत पोळ्या लाटताना लहान मुलाच्या हाती कणकेचा गोळा देण्याची पद्धत आहे. त्या वेळी मुलाने तो तोंडात घालू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

## लक्षणे

या प्रकारच्या ई. कोलायची बाधा झाल्यास साधारणतः तीन ते चार दिवसांनी पोटात तीव्र कळा, उलट्या व जुलाब सुरू होतात. जुलाबात बरेचदा रक्त असते. बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. काहींच्या, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांच्या, मूत्रपिंडांना मात्र गंभीर इजा होऊ शकते. रक्तमिश्रित जुलाब किंवा लघवीचे प्रमाण घटणे ही तातडीने वैद्यकीय मदत घेण्याची चिन्हे होत. साल्मोनेलाच्या बाधेत ताप, जुलाब आणि पोटदुखी ही प्रमुख लक्षणे असतात.

## प्रतिबंध आणि त्याच्या मर्यादा

अंडे वगळल्याने धोक्याचे एकच कारण दूर होते. मैदा, तूप व पिठीसाखर यांच्या बिनअंड्याच्या नानकटाईचे कच्चे पीठही त्यामुळे निर्धोक ठरत नाही. ते शीतकपाटात ठेवल्याने जीवाणूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत.

मैदा घरी कढईत किंवा भट्टीत कोरडा भाजून घेणे हाही खात्रीचा उपाय नाही. कोरड्या स्थितीत जीवाणू उष्णता अधिक सहन करतात, शिवाय पीठ सर्वत्र सारखे तापत नाही. वरचा थर तांबूस झाला म्हणजे आतील जीवाणू मेले, असे होत नाही. ओल्या पिठाची कुकी आतपर्यंत पूर्ण भाजली असता मात्र जीवाणू नष्ट होतात. कच्चे खाण्यासाठीच बनविलेल्या उत्पादनांत उष्णताप्रक्रिया केलेले पीठ वापरतात, आणि अंडे असल्यास तेही पाश्चरीकृत असते. वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख नसल्यास ते पीठ भाजूनच खावे.