'आजच शेवटचा दिवस' सांगणाऱ्या आवाजाचा इतिहास

आमच्या भोकरला दुपारी जेवण झाल्यावर फोन आला की तो नातेवाइकाचा नसतो, हे आता सगळ्यांना माहीत झाले आहे. तरीही जानेवारी २०२५ मधल्या एका दुपारी मी तो उचलला. पलीकडे एक मुलगा होता, शुद्ध मराठी बोलणारा, आदबशीर. "सर, आपल्या गाडीची वॉरंटी आज रात्री बारा वाजता संपतेय," तो म्हणाला. पाठोपाठ त्याने माझ्या मोटारसायकलीचा 'एमएच २६'चा पूर्ण नंबर सांगितला, मी ती नांदेडला घेतली हेही सांगितले. आज २,९५० रुपये भरले तर तीन वर्षांची सर्व्हिस आणि वॉरंटी वाढून मिळेल, उद्यापासून याच गोष्टीला सात हजार लागतील, असा हिशेब त्याने मांडला. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण त्या दुपारी हातातल्या तारखेची खातरजमा न करता मी पैसे भरून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी नांदेडला काम होते म्हणून शोरूममध्ये डोकावलो. तिथल्या माणसाने माझीच पुस्तिका उघडून माझ्यापुढे धरली. गाडी मी २०२२ च्या दसऱ्याला, म्हणजे ५ ऑक्टोबरला घेतली होती. पुस्तिकेत छापले होते : पाच वर्षे किंवा ७० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. माझी गाडी फिरली होती १९ हजार किलोमीटर. म्हणजे जी वॉरंटी 'आज रात्री' संपणार होती, ती संपायला अजून पावणेतीन वर्षे बाकी होती! पैसे गेले याचे वाईट वाटलेच, पण त्याहून अधिक लाज वाटली. ती पुस्तिका घरी कपाटात, गाडीच्या कागदांबरोबरच होती. मग मी ठरवले की या आवाजाचा इतिहास शोधायचा. आपण सावध माणसेही त्याला का भुलतो, हे त्यात सापडेल असे वाटले.

पहिले कारण असे की त्या भीतीला खराखुरा आधार आहे, आणि तो कायद्यात आहे. आपल्या अपघाताने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई देणारा विमा ब्रिटिश हिंदुस्थानात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. आज हीच सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. असा विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय विमा कायद्याचे ६४ व्हीबी हे कलम सांगते की हप्ता हातात पडल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम घ्यायची नाही. म्हणून मुदत संपली आणि हप्ता भरलेला नसला, तर त्या मध्यरात्रीनंतर झालेल्या अपघाताला कोणी विचारत नाही. 'रात्री बारा वाजता संपणार' हे वाक्य म्हणजे निव्वळ बनाव नव्हे. विम्याच्या बाबतीत ते खरेच असते. फोनवरच्या मुलाने ते तिथून उचलले आणि वॉरंटीला चिकटवले.

इथे आपला गोंधळ उडावा अशी आणखी एक गोष्ट २०१८ मध्ये घडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा एकदम पाच वर्षांचा आणि मोटारीसाठी तीन वर्षांचा काढावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुतेक जण एकाच वर्षाचा घेतात. म्हणजे एकाच कागदावर दोन तारखा आल्या. माझा कागद नीट पाहिला तेव्हा कळले की सक्तीचा विमा ४ ऑक्टोबर २०२७ पर्यंत चालू होता. आणि स्वतःच्या गाडीचा विमा? तो ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलेला, माझ्या ध्यानीमनी नसताना. ज्याची मुदत उलटून सव्वा वर्ष झाले होते त्याकडे माझे लक्ष नव्हते. ज्याला पावणेतीन वर्षे होती, त्यासाठी मी घाईघाईने पैसे भरले.

आता या फोनचे मूळ गाव पाहू. ते अमेरिकेत आहे. तिकडे गाडीची वॉरंटी संपल्याचे सांगणारे फोन इतके वाढले की २००९ च्या मे महिन्यात तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने अशा फोनवाल्या कंपन्यांविरुद्ध शिकागोच्या न्यायालयात दावे दाखल केले. पद्धत साधी होती. आधी ध्वनिमुद्रित आवाज सांगे, तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आहे, ही शेवटची सूचना. मग 'एक' दाबा, असे येई. 'एक' दाबले की खरा माणूस बोलू लागे आणि विचारी, "गाडी कोणती? कोणत्या सालची? किती चालली?" ज्याला तुमची वॉरंटी संपल्याचे माहीत आहे, त्याला गाडी कोणती हे माहीत नाही! पण घाबरलेल्या माणसाच्या हे ध्यानात येत नसे.

विकले जाई ते वॉरंटी नव्हतेच. वॉरंटी गाडी बनवणारा देतो आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली असते. वेगळे पैसे घेऊन नंतर दुरुस्तीचे आश्वासन मिळते तो सेवेचा करार असतो. खुद्द कंपनीची 'वाढीव वॉरंटी'सुद्धा असा करारच असते, पण तिच्यामागे कंपनी उभी असते आणि ती बहुधा मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते. तिऱ्हाइताने दिलेल्या करारामागे कोण उभे आहे, हे इंजिन बंद पडेपर्यंत कळत नाही.

त्या खटल्यांनी फोन थांबले का? नाही. २०१८ पासून पुढे ते पुराप्रमाणे वाढले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या तपासात एक टोळी सापडली. तिने २०२१ च्या पहिल्या तीन महिन्यांत पाचशे कोटींहून अधिक फोन केले, म्हणजे दिवसाला साडेपाच कोटींच्या वर. तिच्या दोघा सूत्रधारांना फोनवरून विक्री करायला आधीच कायमची बंदी झालेली होती! समोर दिसणारा नंबरही खोटा असे, आणि तो मुद्दाम आपल्याच भागातला वाटेल असा बनवलेला. गावातलाच कोणी असेल म्हणून माणूस फोन उचले.

मग हे थांबले कसे? बोलणाऱ्याच्या मागे धावून नव्हे, तर वाट अडवून. एक फोन आपल्यापर्यंत येताना चार-पाच दूरसंचार कंपन्यांच्या हातून पुढे सरकतो. तपासणाऱ्यांनी एकेका कंपनीला विचारले, "हा फोन तुला कोणी दिला?" तिने मागच्या कंपनीचे नाव सांगायचे, मग त्या कंपनीला तोच प्रश्न. असे उलट्या पावली जाता जाता हा माल जाळ्यात आत घेणाऱ्या आठ कंपन्या सापडल्या. जुलै २०२२ मध्ये आधी त्या आठांना ताकीद गेली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला देशातल्या सगळ्याच दूरसंचार कंपन्यांना आदेश निघाला की या टोळीचे फोन पुढे नेऊ नका. आयोगाच्याच म्हणण्याप्रमाणे असे फोन त्यानंतर ९९ टक्क्यांनी घटले. ऑगस्ट २०२३ मध्ये टोळीला जवळजवळ ३० कोटी डॉलरचा दंडही ठोठावला गेला. पण काम केले ते दंडाने नव्हे, आधीच बंद झालेल्या वाटेने.

आपल्याकडे वाट अडवण्याचे काम चालू आहे. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची वेगळी मालिका आली आहे. पण यालाही मर्यादा आहे. शोरूममधला खरा कर्मचारी आजही साध्या मोबाईलवरून फोन करतो, म्हणून नुसत्या नंबरवरून खरे-खोटे ठरत नाही. गाडीचा नंबर सांगितला यावरूनही ठरत नाही. वाहनमालकांची नोंद खाजगी कंपन्यांना विकण्याचे धोरण सरकारनेच २०१९ मध्ये आणले होते आणि खाजगीपणाच्या चिंतेमुळे २०२० मध्ये ते मागे घेतले. त्याखेरीज शोरूम, गॅरेज, विमा एजंट, कर्ज देणारा, अशा किती वह्यांत आपला नंबर लिहिलेला असतो! माझा नंबर त्या मुलाला माहीत होता, पण माझी तारीख माहीत नव्हती. मी तारीख विचारली असती तर तिथेच निकाल लागला असता.

म्हणून आता माझा नियम एवढाच आहे. फोनवर 'आज' हा शब्द आला की फोन ठेवायचा आणि कागद काढायचा. वॉरंटीची तारीख खरेदीच्या बिलावरून आणि पुस्तिकेवरून काढायची, किलोमीटर गाडीच्या काट्यावर पाहायचे. विम्याच्या दोन्ही तारखा पॉलिसीवर वाचायच्या. सक्तीच्या विम्याची मुदत सरकारच्या 'mParivahan' या ॲपवरही दिसते. त्यानंतर पैसे भरायचेच असतील तर आपण होऊन शोरूमच्या किंवा विमा कंपनीच्या माहितीच्या नंबरावर फोन करायचा. आणि पैसे पाठवताना पडद्यावर येणारे नाव वाचायचे. माझ्या पडद्यावर कंपनीचे नव्हे, कुणा माणसाचे नाव आले होते. ते मी पाहिलेही होते, आणि 'असेल त्यांचा हिशेबनीस' असे म्हणून पुढे गेलो होतो.

शेवटची गोष्ट माझ्या चुकीची, पण उपयोगाची. पैसे गेल्याचे कळल्यावर मी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार केली, पण तोवर तिसरा दिवस उजाडला होता. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर बँक तो रोखून धरू शकते. माझा पैसा तोवर निघून गेला होता. २,९५० रुपये परत आले नाहीत. घाई करायची ती पैसे भरताना नव्हे, तक्रार करताना, हे मला उलट्या क्रमाने कळले.

त्या पुस्तिकेवर आता मी शाईने दोन तारखा लिहून ठेवल्या आहेत, वॉरंटीची आणि विम्याची. परवा पुन्हा एक फोन आला, आज शेवटचा दिवस आहे म्हणाला. मी विचारले, "कोणत्या तारखेपासून मोजलात?" पलीकडून फोन बंद झाला.