अपुरे राहिलेले काय? : मुंजा, काकस्पर्श आणि लिंगैक्य

भूत म्हणजे अतृप्त इच्छा, अशी व्याख्या आपण सहज करतो. मराठी लोककथांकडे नीट पाहिले तर ती अपुरी वाटते. इच्छा अपुऱ्या ठेवून तर बहुतेक सर्वच माणसे मरतात. मग भूत होतात ती थोडीच का? आमच्या मते, लोककथेतील भूत इच्छेला बांधलेले नसते, ते अपुऱ्या राहिलेल्या संस्काराला बांधलेले असते.

मुंजाचे उदाहरण घेऊ. मुंज झालेला, पण सोडमुंज होण्यापूर्वी वारलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. येथे वयापेक्षा पायरी महत्त्वाची आहे. दोन वर्षांच्या आतील मूल दहन न करता पुरावे, असे शास्त्र सांगते. त्याचे प्रेतत्व उरत नाही. गृहस्थ वारला तर पिंड द्यायला मुलगा असतो. मुंजा या दोहोंच्या मधला आहे. मुंजीने तो द्विज झाला, परंतु विवाह नाही, म्हणून संतती नाही आणि पितरांच्या ओळीत त्याला नेणारेही कोणी नाही. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीची अळवंत होते, तीही अशीच दोन पायऱ्यांमध्ये अडकलेली. मराठीतील भुतांची कित्येक नावे ही खरे तर अशा अडलेल्या पायऱ्यांची नावे आहेत.

हे वर्गीकरण जुन्या नोंदींत आढळते. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयीची प्रश्नावली शाळामास्तरांकडे पाठवून उत्तरे जमवली होती. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचे अपुरे काम आर. ई. एंथोवेन यांनी पुढे नेले आणि १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकसाहित्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भुतांची विभागणी मृताची जात, लिंग आणि मृत्यूसमयीची अवस्था यांनुसार दिसते.

यामागील यंत्रणा उत्तरक्रियेत आहे. पहिल्या दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताला सूक्ष्म देह मिळतो आणि बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणाने प्रेत पितरांत मिसळते. तोवर मृत हा तत्त्वतः प्रेतच असतो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही की नातेवाईक एकेक पुढे होऊन बोलू लागतात : मुलीचे लग्न करू, धाकट्याला शिकवू, आईला सांभाळू. अखेर कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. येथे इच्छेला स्थान आहे, पण विधीच्या आत. आणि ती पुरी करण्याचे बंधन जिवंतांवर, सर्वांसमक्ष, पडते. भुताची गोष्ट ही या बंधनाची उलटी बाजू आहे.

म्हणूनच विधी बदलला की भुताचे नियम बदलतात. यासाठी दूर जावे लागत नाही. सोलापूरजवळचे होटगी हे मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरचे गाव. मुंबई-चेन्नई मार्गावरून गदगकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. येथील वीरशैव मठ प्रसिद्ध आहे. लिंगायत परंपरेत मृताला बसलेल्या स्थितीत, हाती इष्टलिंग देऊन समाधी देतात. त्याला लिंगैक्य म्हणतात. मृत्यूचे सुतक नाही, पिंड नाही, प्रेतावस्थाही नाही. जेथे मधली पायरीच मानलेली नाही, तेथे तीवर अडकणार कोण? अर्थात कन्नडमध्ये भुताला ‘देव्व’ हा शब्द आहेच. सिद्धान्ताने दार लावले तरी शेजारच्या पिंपळाची गोष्ट ऐकू येतेच.

पाश्चात्त्य साहित्यातही हाच नियम वेगळ्या रूपात दिसतो. होमरच्या ‘इलियड’मध्ये पेट्रोक्लसचे भूत अकिलीजकडे अंत्यविधीच मागते. प्लिनीने सांगितलेल्या अथेन्समधील गोष्टीत साखळ्या वाजवणाऱ्या भुताची हाडे खणून विधिपूर्वक पुरल्यावर घर शांत होते. हॅम्लेटचा पिता मात्र सूड मागतो. परंतु पापनिवेदन आणि अंत्यसंस्कार न होता आपण मारले गेलो, ही त्याची तक्रार विधीचीच आहे. प्रोटेस्टंट इंग्लंडने शुद्धीलोकाची कल्पना नाकारली होती. त्यामुळे हे भूत खरे की सैतानाची माया, हा हॅम्लेटचा संशय केवळ स्वभावातून येत नाही, तो त्या काळाच्या धर्मवादातूनही येतो.

या मांडणीला मर्यादा आहेत. वेताळ, साती आसरा आणि चकवा यांना ती लागू पडत नाही, कारण ते कोणा एका मृताचे उरलेले रूप नव्हे. वाचकाने एक कसोटी लावावी : या भुताला मरणापूर्वीचे चरित्र आहे काय? असेल तर त्याची कोणती पायरी चुकली, हे शोधावे.

२०२४ च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटातील मुलगा आपल्या प्रेयसीशी लग्न व्हावे म्हणून झुरतो. लोकसमजुतीतील मुंजाचे लग्न राहिले होते. त्यात अमुक एक मुलगी नव्हती. संस्काराच्या जागी प्रेम आले. यावरून भुतांपेक्षा आपल्याविषयीच अधिक कळते : आयुष्य कशाने पुरे होते, याचे आपले उत्तर बदलले आहे.