‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे नेमकं काय? टक्क्यांतली शक्यता ‘इतक्यांपैकी एक’ अशी कशी सांगायची

भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो आणि हिर्डोशी लागतं. हा जुना हिरडस मावळ. सह्याद्रीच्या माथ्याला लागून असल्यामुळे इथे पावसाळ्यात पाऊस अक्षरशः कोसळतो. दरड, घाटबंदी, धरणातून सोडलेलं पाणी यांच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यासोबत एक वाक्यही हमखास फिरतं: “असा पाऊस २५ वर्षांतून एकदाच होतो.”

हे वाक्य वाचून कुणी निर्धास्त होतं, कुणी घाबरतं. खरं तर हा टक्क्यांतला साधा आकडा आहे, फक्त दुसऱ्या कपड्यांत. तो आकडा कुठून येतो, त्याला ‘इतक्यांपैकी एक’ हे रूप कसं देतात आणि ते करताना कुठे फसगत होते, ते पाहू.

नदीकाठच्या दोन रेषा

महाराष्ट्रात नदीकाठी प्लॉट घेणाऱ्याला दोन शब्द ऐकायला मिळतात: निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी कुठवर पोहोचेल, ते निळी रेषा दाखवते. (नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट पाणी त्याहून जास्त भरत असेल, तर ते धरतात.) लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळू शकते.

यातल्या ‘२५’चा अर्थ असा: कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता ४ टक्के. १०० ला ४ ने भागलं की २५ येतात, म्हणून ‘२५ पैकी १’. लाल रेषेसाठी शक्यता १ टक्का, म्हणजे ‘१०० पैकी १’. सगळं रूपांतर या एका भागाकारात आहे. टक्क्यांची लांबलचक यादी असेल तर एक्सेलमध्ये `=100/A2` लिहून खाली ओढलं की काम झालं.

गडबड होते ती मराठी वाक्य करताना. ‘२५ वर्षांतून एकदा’चं बोलण्यात ‘दर २५ वर्षांनी’ होतं. मग यंदा पूर येऊन गेला म्हणजे आता २४ वर्षं चिंता नाही, असा हिशेब मांडला जातो. नदी असं वेळापत्रक पाळत नाही. सांगली-कोल्हापूर भागात २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी मोठे पूर आले. पहिल्या दोघांमध्ये १४ वर्षांचं अंतर होतं, नंतरच्या दोघांमध्ये फक्त २ वर्षांचं. म्हणून पोस्ट लिहिताना ‘दरवर्षी २५ पैकी १ शक्यता’ असं लिहिलेलं बरं. ऐकायला थोडं रुक्ष वाटेल, पण चुकीचा अर्थ निघत नाही.

खोऱ्यातल्या पावसाची यादी करून पाहू

समजा, हिर्डोशी खोऱ्यातल्या एका पर्जन्यमापकाची ३१ वर्षांची नोंद हातात आहे. (आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.) प्रत्येक वर्षातला एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस काढायचा आणि हे ३१ आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावायचे. जलशास्त्रात यासाठी एक सोपं सूत्र वापरतात: क्रमांक भागिले वर्षांची संख्या अधिक एक. म्हणजे इथे प्रत्येक क्रमांकाला ३२ ने भागायचं. त्या क्रमांकाइतका किंवा त्याहून मोठा पाऊस एखाद्या वर्षी होण्याची शक्यता त्यातून मिळते. मग १०० ला त्या टक्क्यांनी भागलं की छेद, म्हणजे ‘इतक्यांपैकी’ हा आकडा, मिळतो.

पहिला क्रमांक: ३.१ टक्के, छेद ३२
दुसरा: ६.२५ टक्के, छेद १६
तिसरा: ९.४ टक्के, छेद १०.७
पाचवा: १५.६ टक्के, छेद ६.४
बारावा: ३७.५ टक्के, छेद २.६७

आता हे लोकांना सांगायचं कसं? ‘१०.७ वर्षांपैकी १’ असं कुणी बोलत नाही. आकडा गोळाबेरीज करावा लागतो, पण सगळ्यांना एकच नियम लावून चालत नाही.

छेद मोठा असेल तर मोकळेपणाने गोळाबेरीज करता येते. ३२ चे ३० केले तर शक्यता ३.१ वरून ३.३ टक्क्यांवर जाते. कुणाच्याही निर्णयात त्याने फरक पडत नाही. १६ चे १५ केले तर ६.२५ चे ६.७ होतात, तेही चालेल. १०.७ ला ‘साधारण १०’ म्हणा किंवा ११ म्हणा, दोन्ही ठीक. ६.४ चे ६ केले की १५.६ ऐवजी १६.७ टक्के होतात. इथे फरक एका टक्क्याच्या पुढे गेला, पण ‘साधारण ६ पैकी १’ हे अजून खऱ्याच्या जवळ आहे.

शेवटच्या ओळीत मात्र पाय घसरतो. २.६७ चे ३ केले की ३७.५ टक्क्यांचे ३३ होतात, म्हणजे ४ टक्के हवेत गेले. छेद लहान असताना त्यातला पाव-अर्धा भागही वजनदार असतो. अशा वेळी ‘पैकी एक’चा हट्ट सोडावा आणि ‘८ पैकी ३’ म्हणावं. ते इथे तंतोतंत बसतं आणि समजायलाही अवघड नाही. शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर ‘पैकी एक’ मुळीच वापरू नये. ७५ टक्क्यांचा छेद १.३३ येतो, त्याचं वाक्य होत नाही. ‘४ पैकी ३’ म्हटलं की काम भागतं.

गोळाबेरीज बरोबर झाली की नाही, हे उलटा भागाकार करून तपासता येतं. गोल केलेल्या छेदाने १०० ला भागा आणि मूळ टक्क्यांशी ताडून पाहा. शेजारच्या दोन ओळींचे छेद गोल केल्यावर सारखेच झाले, तर ती गोळाबेरीज जास्त झाली. यादीतला फरकच त्याने पुसला जातो.

आणखी एक चूक नेहमी दिसते: आधी टक्के गोल करणं आणि मग भागणं. शक्यता ०.६ टक्के असेल तर खरा छेद १६७ येतो, म्हणजे ‘साधारण १७० पैकी १’. पण कुणी आधी ०.६ चा १ केला, तर थेट ‘१०० पैकी १’ होतं. ०.४ टक्क्यांचं तर शून्यच होईल आणि ‘२५० पैकी १’ असलेली गोष्ट ‘अशक्य’ म्हणून फिरेल. म्हणून आधी भागायचं आणि गोल अगदी शेवटी करायचं.

मोठा छेद म्हणजे मोठा धोका नाही

‘२०० पैकी १’ आणि ‘२५ पैकी १’ यात धोका कशात जास्त? घाईत वाचणाऱ्याची नजर २०० वर अडकते. धोका खरं तर २५ मध्ये आठपट आहे. छेद वाढतो तशी शक्यता कमी होते, आणि डोक्याला ही उलटी चाल पटकन पचत नाही. मानसशास्त्राच्या प्रयोगांतही हे दिसलं आहे की ‘पैकी एक’ या मांडणीत तुलना करताना लोक जास्त चुकतात, आणि तीच शक्यता या रूपात सांगितली की जास्त भीतिदायक वाटते.

त्यामुळे एकच आकडा सांगायचा असेल तर ‘पैकी एक’ छान. दोन-तीन आकडे शेजारी ठेवायचे असतील तर छेद सारखा ठेवावा. निळ्या रेषेवर ‘दरवर्षी १०० पैकी ४’, लाल रेषेवर ‘दरवर्षी १०० पैकी १’. आता कोण किती पट हे न समजावता दिसतं. (मराठीत ‘लाखात एक’ हे कौतुक असतं, शक्यता नव्हे, हा आणखी एक घोळ.)

कर्ज फिटेपर्यंतचा हिशेब

हा आकडा एका वर्षाचा आहे, हे विसरलं तर सगळ्यात महाग पडतं. घर एका वर्षासाठी कुणी बांधत नाही. बरोबर निळ्या रेषेवर घर आहे आणि त्यात ३० वर्षं राहायचं आहे, असं धरू. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ९६ टक्के. सलग ३० वर्षं न येण्यासाठी ०.९६ ला स्वतःशी ३० वेळा गुणायचं. उत्तर येतं साधारण ०.२९. म्हणजे त्या ३० वर्षांत निदान एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता ७१ टक्के, साधारण ‘१० पैकी ७’.

लाल रेषेवरही हाच हिशेब केला तर २६ टक्के येतात, म्हणजे ‘४ पैकी १’. ‘शंभर वर्षांतून एकदा, आपल्या हयातीत कुठे येतोय’ असं म्हणणाऱ्यासमोर हा आकडा ठेवून पाहावा. एका वर्षाची शक्यता थेट ३० ने गुणू नये. निळ्या रेषेसाठी तसं केलं तर १२० टक्के येतात, आणि तिथेच कळतं की काहीतरी चुकलं.

आपला आकडा किती पक्का?

हिर्डोशीच्या उदाहरणात पहिल्या क्रमांकाच्या पावसाला ‘३० पैकी १’ म्हटलं. पण तो पाऊस ३१ वर्षांत एकदाच पाहिला आहे. एका घटनेवरून किती सांगता येतं? गणिताने पाहिलं तर त्या पावसाची खरी वार्षिक शक्यता ‘११ पैकी १’ ते ‘६०० पैकी १’ यांच्यात कुठेही असू शकते, आणि तरीही खात्री १०० नाही, ९० टक्केच. त्यात हे गणित पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील असं धरून चालतं.

म्हणूनच ‘३२ पैकी १’ असा नेमका आकडा इथे फसवा आहे. त्यातला २ खोटा आहे, आणि ३ वरही फार भरवसा नाही. यादीच्या मधल्या ओळींना जास्त नोंदींचा आधार असतो, त्यामुळे ‘६ पैकी १’ किंवा ‘८ पैकी ३’ हे आकडे तुलनेने भक्कम. वरच्या टोकाला अशी पोस्ट लिहिणं जास्त प्रामाणिक: ‘गेल्या ३१ वर्षांच्या नोंदीत एवढा पाऊस एकदाच झाला आहे.’