खुंटी आणि कडे

विळ्याचे पाते लाकडी मुठीत ठोकलेले असते आणि मुठीच्या तोंडाशी एक लोखंडी कडे असते. हे कडे नसेल तर जोर लावताच पात्याचे आतले टोक पाचरीसारखे काम करते आणि मूठ उभी चिरते. दाताच्या मुळाचेही असेच आहे. पण ते मोजून पाहायला फार काळ जावा लागला.

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोडलेल्या दाताच्या मुळात धातूची खुंटी बसवून तिच्यावर कृत्रिम दात उभारण्याची रीत सांगितली. एकोणिसाव्या शतकात लाकडी खुंट्याही वापरल्या जात. लाळेने लाकूड फुगे आणि खुंटी घट्ट बसे. पण याच फुगण्याने कधी कधी मूळच दुभंगे. १८७८च्या सुमारास अमेरिकेत रिचमंड यांनी खुंटीला जोडून मुळाभोवती सोन्याचा पट्टा बसवला. तरीही आतली खुंटीच मुळाला बळकटी देते, ही समजूत टिकून राहिली. १९७९ साली गझी आणि निकोल्स यांनी काढलेल्या दातांवर दाब देऊन पाहिले. खुंटी बसवल्याने ताकद विशेष वाढत नव्हती. १९९० साली सोरेन्सन आणि एंगेलमन यांनी दाखवले, की कॅपच्या कडेच्या वर दाताची केवळ १ मिलिमीटर उंचीची भिंत शिल्लक असली आणि कॅपने तिला वेढले, तर दात मोडायला लक्षणीय जास्त जोर लागतो. यालाच फेरूल परिणाम म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. वरचा पुढचा दात हिरडीजवळ मोडला आहे, रूट कॅनाल झालेले आहे आणि मूळ १३ मिलिमीटर लांब आहे. टोकाकडचे ४ ते ५ मिलिमीटर गटापर्चा तसेच ठेवावे लागते, नाहीतर जंतूंना वाट मिळते. म्हणून खुंटी ८ ते ९ मिलिमीटरचीच बसते. तिचे काम एवढेच, की वरचा भरीव गाभा धरून ठेवणे. भोवती २ मिलिमीटर उंचीची भिंत उरली असेल तर कॅप तिला कड्यासारखी आवळते. भिंत नसेल, तर खालचा दात मागून ढकलतो तेव्हा सारा भार खुंटीवर येतो आणि ती तरफ बनते. मग सिमेंट सुटून कॅप पुन्हा पुन्हा निघते किंवा मूळ उभे चिरते. मुळाच्या एकाच ठिकाणी हिरडीत सळई खोल उतरणे ही अशा चिरेची मोठी खूण आहे. चिरलेले मूळ बहुधा काढावेच लागते.

भिंत कमी पडली तर तारेने मूळ हळूहळू २ मिलिमीटर बाहेर ओढता येते; पण तेवढेच मूळ हाडातून कमी होते. म्हणून खुंटी जाड करण्यासाठी मूळ आतून कोरण्याऐवजी उरलेली भिंत जपणे हेच पहिले काम ठरते.