दोन छायाचित्रे, एक मिनिट : इंग्रजी मौखिक परीक्षेतील तुलनेचे तंत्र

केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांमध्ये 'बी-टू फर्स्ट' ही परीक्षा जुनी आणि बहुपरिचित आहे. १९३९ साली 'लोअर सर्टिफिकेट' या नावाने ती सुरू झाली, १९७५ पासून 'फर्स्ट सर्टिफिकेट' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि आज 'बी-टू फर्स्ट' या नावाने घेतली जाते. तिची मौखिक परीक्षा साधारणपणे दोन उमेदवारांची एकत्र होते आणि सुमारे १४ मिनिटे चालते. समोर दोन परीक्षक असतात. एक उमेदवारांशी बोलतो, तर दुसरा केवळ ऐकून गुण देतो.

या परीक्षेच्या चार भागांपैकी दुसरा भाग पुष्कळांना अडचणीत टाकतो. प्रत्येक उमेदवारापुढे दोन छायाचित्रे ठेवली जातात आणि त्यांच्या वरच्या बाजूस एक प्रश्न छापलेला असतो. उमेदवाराने त्या छायाचित्रांची तुलना करावी, प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि हे सारे सुमारे एका मिनिटात, कोणाच्याही मदतीशिवाय बोलावे, अशी अपेक्षा असते. विचार करण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही. त्यानंतर जोडीदाराला त्याच छायाचित्रांवर एक छोटा प्रश्न विचारला जातो. त्याच्या उत्तरासाठी सुमारे अर्धा मिनिट असतो.

वर्णन म्हणजे तुलना नव्हे

एक उदाहरण घेऊ. पहिल्या छायाचित्रात एक तरुणी घरी खिडकीजवळ बसून लॅपटॉप व वही घेऊन एकटीच अभ्यास करते आहे. दुसऱ्यात ग्रंथालयातील एका टेबलाभोवती चार विद्यार्थी पुस्तके उघडून आपसांत बोलत आहेत. प्रश्न असा : या लोकांनी अभ्यासाची ही पद्धत का निवडली असावी?

बहुसंख्य उमेदवार सुरुवात करतात ती अशी : 'इन द फर्स्ट फोटो आय कॅन सी अ गर्ल. देअर इज अ लॅपटॉप. देअर इज अ विंडो.' वहीचा रंग, पडदा, टेबलावरचा कप अशी यादी लांबत जाते आणि त्यात ३५-४० सेकंद सरतात. मग दुसऱ्या छायाचित्राची यादी सुरू होते. ती अर्ध्यावर असतानाच परीक्षक 'थँक यू' म्हणतो. प्रश्नाला अद्याप हातही लागलेला नसतो.

अशा उत्तरात व्याकरणाची चूक नसेलही, पण सांगितलेले काम झालेले नसते. ते ओळखण्याची कसोटी सोपी आहे. उत्तराचा पहिला अर्धा भाग एका व्यक्तीने आणि दुसरा अर्धा भाग दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे बोलला असता तरी काही बिघडले नसते, असे वाटले तर ते वर्णन होय. तुलनेत मात्र एकच वाक्य दोन्ही छायाचित्रांना कवेत घेते, त्यामुळे ते तोडता येत नाही.

तीन पायऱ्यांचा साचा

एका मिनिटात सावकाश बोलताना सुमारे ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे सात-आठ वाक्ये. त्यांची वाटणी तीन पायऱ्यांत करावी. पहिल्या पायरीवर एकाच वाक्यात साम्य सांगावे. दुसरीवर दोन वाक्यांत भेद सांगावेत. उरलेली चार-पाच वाक्ये, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ, प्रश्नाच्या उत्तरासाठी राखून ठेवावा. भेद सांगताना दोन्ही बाजूंना एकच निकष लावावा. एका बाजूची जागा आणि दुसऱ्या बाजूचे कपडे यांची तुलना होत नाही. जागेसमोर जागा आणि मनःस्थितीसमोर मनःस्थितीच ठेवावी लागते.

वरील छायाचित्रांवरील उत्तर या साच्यात असे उभे राहते :

'बोथ फोटोग्राफ्स शो पीपल हू आर स्टडिंग, बट दे आर डूइंग इट इन व्हेरी डिफरंट वेज.' हे साम्य, आणि त्याच वाक्यात भेदाची चाहूलही.

'द वुमन इन द फर्स्ट फोटो इज वर्किंग ऑन हर ओन ॲट होम, व्हेअरॅझ द स्टुडंट्स इन द सेकंड आर सिटिंग टुगेदर अराउंड अ लायब्ररी टेबल. शी लुक्स क्वाइट फोकस्ड. द स्टुडंट्स, ऑन द अदर हँड, सीम टु बी आर्ग्युइंग अबाउट समथिंग.' हे दोन भेद. पहिला जागेचा आणि सोबतीचा, तर दुसरा मनःस्थितीचा.

'शी माइट हॅव चोझन धिस वे बिकॉज शी हॅज ॲन एक्झाम सून अँड नीड्स सायलेन्स. द ग्रुप, हाउएव्हर, मे बी प्रिपेअरिंग अ प्रोजेक्ट, सो दे नीड टु शेअर आयडियाज. ऑल्दो स्टडिंग अलोन इज प्रॉबब्ली क्विकर, यू कान्ट आस्क एनीवन व्हेन यू गेट स्टक. सो आय थिंक शी चोझ पीस अँड क्वाएट, व्हाइल दे चोझ ईच अदर्स हेल्प.' येथे प्रश्नाचे उत्तर पूर्ण होते.

संपूर्ण उत्तर ११५ शब्दांचे आहे. त्यात अवघड म्हणावा असा एकही शब्द नाही आणि खिडकीचा तर उल्लेखही नाही. खिडकीमुळे निवडीचे कारण उलगडत नसल्याने तिला येथे स्थान नाही.

जोडशब्द : 'तर', 'मात्र' आणि 'जरी'

उत्तरातील जोडशब्द मराठी भाषकाला परके नाहीत, कारण त्यांचे काम तो रोज मराठीत करून घेत असतो. 'ती घरी बसली आहे, तर ते ग्रंथालयात आहेत' या वाक्यातला 'तर' म्हणजेच 'व्हेअरॅझ' किंवा 'व्हाइल'. तो दोन्ही बाजूंना एकाच वाक्यात बांधतो. 'दुसऱ्या गटाला मात्र चर्चा हवी आहे' यातला 'मात्र' म्हणजे 'हाउएव्हर'. तो नवे वाक्य सुरू झाल्यावर येतो आणि मराठीप्रमाणेच इंग्रजीतही कर्त्याच्या मागोमाग बसू शकतो. बोलताना त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित थांबावे लागते. 'ऑन द अदर हँड' हेही 'मात्र'च्याच जातीचे, पण अधिक ठसठशीत. म्हणून एका मिनिटात ते एकदाच वापरावे.

घोटाळा होतो तो 'जरी'पाशी. मराठीत 'जरी' आला की 'तरी' यावाच लागतो. त्या सवयीने 'ऑल्दो' म्हटल्यावर पुढे 'बट' आपोआप तोंडून निघते. इंग्रजीत दोहोंपैकी एकच चालतो. 'ऑल्दो इट इज क्विकर, यू कान्ट आस्क एनीवन' हे बरोबर, आणि मध्ये 'बट' घातले की चूक. 'पेक्षा'चीही गोष्ट अशीच आहे. मराठीत 'पेक्षा' लावले तरी विशेषणाचे रूप बदलत नाही, 'अधिक' हा शब्द तेवढा पुढे जोडता येतो. त्यामुळे 'मोर क्विकर' किंवा 'मोर बेटर' अशी दुहेरी रूपे तयार होतात. लहान विशेषणांना 'क्विकर', 'क्वाएटर' एवढेच पुरते आणि मोठ्यांना 'मोर' लागते, जसे 'मोर सोशेबल'.

आणखी एक शब्दप्रयोग जपून वापरायला हवा, तो म्हणजे 'ऑन द कॉन्ट्ररी'. अनेक उमेदवार तो 'दुसऱ्या बाजूला' या अर्थाने वापरतात. वस्तुतः आधी केलेले विधान खोडून काढताना तो येतो. 'ती कंटाळलेली नाही, उलट रमून गेली आहे' यातल्या 'उलट'चे काम तो करतो. दोन छायाचित्रांतला साधा फरक सांगताना त्याची गरज नसते.

जोडशब्दांची संख्या वाढवल्याने गुण वाढत नाहीत. बोलण्यातली संगती गुणांकनात पाहिली जाते हे खरे, परंतु प्रत्येक वाक्याआधी जोडशब्द आला की बोलणे पाठ केलेले वाटते. वरील आठ वाक्यांत दोन बाजू समोरासमोर आणणारे शब्द मोजकेच आहेत आणि कोणताही दोनदा आलेला नाही.

अंदाज आणि आघात

प्रश्न 'का निवडली असावी' असा असल्याने उत्तरही अंदाजाचेच हवे. छायाचित्रातील तरुणीची परीक्षा आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. मराठीत आपण 'असावी', 'असेल' म्हणतो, तिथे इंग्रजीत 'माइट', 'मे', 'सीम्स टु', 'प्रॉबब्ली' येतात. 'शी हॅज ॲन एक्झाम' असे ठाम विधान व्याकरणात बसते, पण अंदाज व्यक्त करण्याची संधी त्यात वाया जाते. 'लुक्स'च्या पुढे विशेषण सरळ येते. 'लुक्स लाइक'च्या पुढे नाम लागते. 'शी लुक्स लाइक फोकस्ड' ही त्यामुळेच नेहमी ऐकू येणारी चूक ठरते.

दुसरी बाब आवाजाची. मराठीत विरोध दाखवण्यासाठी 'च' आणि 'मात्र' मदतीला येतात. इंग्रजीत ते काम बहुतांशी आघाताने होते. वरील वाक्यात 'ऑन हर ओन' मधील 'ओन'वर आणि पुढे 'टुगेदर'वर जोर दिला की फरक कानाला लगेच कळतो. सारे शब्द एकाच पट्टीत म्हटले तर 'व्हेअरॅझ' असूनही तुलना सपाट वाटते. उच्चारांच्या गुणांत या आघाताचाही विचार होतो.

जोडीदाराचा अर्धा मिनिट

जोडीदाराला बहुधा पसंती विचारली जाते : एकट्याने अभ्यास आवडतो की गटाने? त्याने पुन्हा तुलनेचा घाट घालू नये. निवड, तिचे कारण आणि एक अनुभव अशी तीन-चार वाक्ये पुरतात. येथे 'पेक्षा'मुळे पुन्हा एक सापळा तयार होतो. 'प्रिफर'नंतर 'दॅन' येत नाही, 'टु' येतो : 'आय प्रिफर स्टडिंग अलोन टु स्टडिंग इन अ ग्रुप.' 'दॅन' वापरायचेच असेल तर 'आयड रादर स्टडी अलोन दॅन इन अ ग्रुप' ही रचना आहे.

सरावासाठी वर्तमानपत्रातील एकाच विषयावरची दोन छायाचित्रे पुरेशी आहेत, उदाहरणार्थ बाजार आणि मॉल, किंवा लोकल आणि बस. वर एक 'का' असलेला प्रश्न लिहावा, मोबाइलवर एक मिनिट बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि ऐकताना दोनच गोष्टी तपासाव्यात. दोन्ही छायाचित्रे एकाच वाक्यात किती वेळा आली, आणि प्रश्नाचे उत्तर कितव्या सेकंदाला सुरू झाले. ते तिसाव्या सेकंदाच्या पुढे गेले असेल तर वर्णनातील एक-दोन वाक्ये गाळावीत. परीक्षकाने मध्येच 'थँक यू' म्हटले तरी घाबरण्याचे कारण नाही. वेळ संपल्याची ती केवळ सूचना असते. तोवर उत्तर सुरू झालेले असावे, एवढेच पाहायचे.